कोल्हापुरी चपलांचं दुकान: 1200 सांगायचे आणि 900 ला द्यायची, हे किती दिवस चालवायचं?

पायताणवाला

वडिलांचं छोटं दुकान आहे, कोल्हापुरात, देवळाकडे जाणाऱ्या गर्दीच्या रस्त्याला लागून. आता बसतो मी. वडील संध्याकाळी येतात.

आमच्याकडचा सगळ्यात जास्त जाणारा माल म्हणजे पुरुषांची साधी कोल्हापुरी. कारागिराकडून ती मला 620 ला पडते. वडिलांची पद्धत अशी की 1200 सांगायचे आणि गिऱ्हाईक बघून 900, 850, कधी 800 पर्यंत यायचं. त्यांना माणूस दारात आला की कळतं हा कितीवर थांबणार. मला कळत नाही. शिवाय गेल्या आठवड्यात एक बाई परत आल्या. त्यांनी 1000 ला नेली होती आणि त्यांच्याच गाडीतल्या नणंदेला आमच्या पोराने तासाभराने 850 ला दिली. बाई भांडल्या नाहीत, फक्त "बरं हं" म्हणून गेल्या. ते जास्त लागलं.

मी मध्यंतरी "एकच भाव" अशी पाटी लावून बघितली, 1100 ला. लोक पाटी वाचून हसायचे आणि तरी विचारायचे, "बरं, पण शेवटचं किती?" आणि समोरच्या दुकानात जायचे. पाटी काढली.

प्रश्न दोन आहेत. सांगायच्या आणि द्यायच्या भावात किती अंतर ठेवावं? आणि खाली कुठे थांबायचं ते कसं ठरवावं?

---

अमृता_न्यूजर्सी

मी दर भारतवारीत कोल्हापुरी घेते. नेहमी सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करायची आणि 60 टक्क्यांवर तोडायची. तुमच्याकडे 1200 म्हणजे 720 ला मिळायला हवी. आणि निघून जायचं नाटक करायचं, हमखास बोलावतात!

---

पायताणवाला

ताई, मी दुकानदार आहे. 😀 पण तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, पलीकडून काय शिजतं ते कळलं.

---

नितीन_हिशेबी

सोपं आहे. खरेदीवर 50 टक्के मार्जिन धरा. 620 चे झाले 930. त्यात दहा टक्के सूट द्यायची तयारी ठेवा, तरी 40 टक्के हातात राहतात. बोर्डावर 930 लिहा आणि 840 च्या खाली जाऊ नका. इतका विचार कशाला?

---

अण्णा_सराफकट्टा

नितीनराव, 930 बरोबर आहे, पुढचं नाही. 930 वर दहा टक्के म्हणजे 93 गेले. उरले 837. त्यातून 620 वजा केले की 217. 620 वर 217 म्हणजे 35 टक्के, 40 नव्हे. सूट विक्रीच्या भावावर जाते, नफा तुम्ही खरेदीवर मोजताय. 310 पैकी 93 गेले. म्हणजे दहा टक्के सूट देऊन हातातला जवळजवळ तिसरा हिस्सा दिला. आणि हे दुकानाचं भाडं द्यायच्या आधी.

पायताणवाले, माझी कपड्यांच्या दुकानात उभी हयात गेली. चप्पल कधी विकली नाही, पण गल्ला सगळीकडे सारखाच. आधी दोन आकडे सांगा. महिन्याला या प्रकारचे किती जोड जातात, आणि दुकानाचा खर्च किती?

---

पायताणवाला

साधारण 150 जोड. बाकीचा माल किरकोळ, तो सोडून देऊ. भाडं, लाईट, पोराचा पगार, पिशव्या-खोकी मिळून 27,000 च्या आसपास.

---

अण्णा_सराफकट्टा

म्हणजे जोडामागे 180. चप्पल तुम्हाला 620 ला पडत नाही, 800 ला पडते. 850 ला विकली तर 50 रुपये राहिले. गिऱ्हाईक म्हणतं "पन्नास कमी करा", आपल्याला वाटतं हजारात पन्नास म्हणजे काय, पाच टक्के. पण 950 वरून 900 वर आलात तेव्हा तुमच्याकडे 150 राहणार होते ते 100 राहिले.

आणि त्या 27,000 मध्ये तुमचा स्वतःचा पगार धरलाय का?

---

पायताणवाला

नाही. 😐

---

सोनटक्का

थांबा, मला अण्णांचं हे नेहमी अर्धंच पटतं. भाडं काही चप्पल विकली म्हणून वाढत नाही. मंगळवारी दुपारी दुकान रिकामं आहे, एकजण 780 ला मागतोय. दिली तर 160 गल्ल्यात येतात, नाही दिली तर शून्य. "आठशेच्या खाली तोटा" म्हणून त्याला परत पाठवणं हा कुठला हिशेब?

---

अण्णा_सराफकट्टा

एका जोडापुरतं तुमचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पडून राहिलेला माल, नऊ नंबर नाहीतर पाच नंबरचा शेवटचा जोड, तो मीही 700 ला काढीन. पण मंगळवारची दुपार मंगळवारी दुपारीच राहत नाही. ज्याला 780 ला दिली तो हॉटेलात सांगतो. पोरगा बघतो की मालक 780 ला देतात, शनिवारी गर्दीत तोही 780 वर येतो. भाडं रोजच्या त्या एका जोडातून निघत नसलं तरी महिन्याच्या 150 जोडांतूनच निघायचं आहे.

म्हणून दोन तळ ठेवा. रोजच्या मालाला एक, आणि अडकलेल्या मालाला वेगळा. अडकलेला माल वेगळ्या टोपलीत, दारात, "शेवटचे नंबर" अशी चिठ्ठी लावून. म्हणजे स्वस्त दिली त्याला कारण दिसतं. कारण दिसलं की पुढचा गिऱ्हाईक तेच कारण मागत नाही.

आणि पायताणवाले, एक काम करा. पुढचे 40 जोड वहीत मांडा. सांगितलेला भाव, दिलेला भाव, आणि कोण. नाव नको, "स्थानिक", "बाहेरचे" एवढं पुरे.

---

भाजीवालीचा_लेक

माझा विषय वेगळा आहे पण सांगतो. आई ठाण्यात भाजी घेऊन बसते. तिच्याकडे सगळे भाव करतात, मर्सिडीजवाले सगळ्यात जास्त. पण ती वांगी, भेंडी किलोने न देता वाट्याने देते, वीसला वाटा. कोणी म्हणालं पंधराला द्या, तर ती "नाही हो" म्हणते आणि वाट्यावर दोन वांगी ठेवते. पंधरा कधी करत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, दोन वांगी संध्याकाळी मऊच पडणार आहेत, पण पंधरा म्हटलं की शेजारी उभी असलेली पण पंधराच देणार.

मिरच्या-कोथिंबीर फुकट द्यायची ती मात्र महाग झाली की बंद. तेव्हा तोंडं वाकडी होतात. त्याला इलाज नाही सापडला.

---

माळावरची

तुमच्या आईने अख्खा धागा दोन वांग्यांत गुंडाळला. 👏

चपलेत "दोन वांगी" काय असतील पण?

---

पायताणवाला

हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे दुरुस्तीला एक काका बसतात. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस अंगठ्याला आणि पट्ट्याला चावते. घेऊन आलं तर काका पट्टा सैल करून देतात, तेल लावून देतात, वादी निघाली असेल तर परत ओवून देतात. आम्ही ते मागितलं तरच करतो, आणि पैसे घेत नाही. म्हणजे देतोच आहोत, फक्त सांगत नाही.

---

अण्णा_सराफकट्टा

मग तीच तुमची वांगी. भाव विचारला की आकड्याच्या आधी ते सांगा. "पायात घाला, चावते का बघा, आत्ताच सैल करून देतो. वर्षभरात वादी निघाली तर आणा." स्थानिक गिऱ्हाईक त्याने बांधलं जातं. मुंबईचं गिऱ्हाईक परत येणार नाही, त्याला तिथेच तेल लावून द्या. काकांची पाच मिनिटं जातात, पण त्या पाच मिनिटांत चप्पल त्याच्या पायात असते, आणि पायात असलेली चप्पल काढून समोरच्या दुकानात कोणी सहसा जात नाही.

---

मुंबैकर_परळ

गिऱ्हाईक म्हणून सांगतो. मला 100 रुपयांचं दुःख नसतं. मला मूर्ख ठरायचं नसतं. 1200 वरून तुम्ही अर्ध्या मिनिटात 900 वर आलात की मला आनंद होत नाही, शंका येते की अजून किती पोकळ आहे. त्यात हल्ली कुणी मिलानच्या प्राडाच्या शोचं ऐकून येतो, कुणी 2019 मध्ये जीआय मिळाल्याचं वाचून येतो, आणि "ही खरी ना, मशीनची नाही ना?" विचारतो. भाव असा धडाधड उतरला तर मालावरचा विश्वासही उतरतो.

---

पायताणवाला

अण्णा, वही झाली. 40 जोड, सगळ्यांना 1200 सांगितले होते.

4 जोड 1200 ला गेले, काही न बोलता. 8 जोड 1000 ला. 18 जोड 900 ला. 10 जोड 820 ला. एकूण 37,200, म्हणजे सरासरी 930.

दोन गोष्टी बघून घाम फुटला. त्या 820 वाल्या दहांतले बहुतेक पायरी उतरून गेल्यावर पोराने नाहीतर वडिलांनी हाक मारून बोलावलेले. (अमृताताई, तुमची युक्ती चालते.) आणि 1200 देणारे चारही स्थानिक. त्यातले एक आमचे जुने मास्तर. वडिलांना नंतर कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

---

माळावरची

अगं बाई, मास्तरांना!

---

अण्णा_सराफकट्टा

फुगवलेल्या भावाचं हेच होतं. जो घासाघीस करतो त्याला काही होत नाही. जो तुमच्यावर विश्वास ठेवून गप्प पैसे काढतो त्यालाच दंड बसतो. आणि ज्यांची मर्जी सांभाळायची तीच ही माणसं.

आता आकडा बघा. 930 सरासरी म्हणजे खरेदीवर जोडामागे 310. 150 जोडांचे 46,500. समजा तुम्ही 990 ची चिठ्ठी लावली आणि 950 ला थांबलात, सरासरी 970 आली. जोडामागे 350. तेवढेच 46,500 मिळवायला 133 जोड पुरतात. म्हणजे 17 गिऱ्हाईकं "नको" म्हणून गेली तरी तुम्ही आज आहात तिथेच आहात. 17 पेक्षा जास्त जातील का, हे मी इथून सांगू शकत नाही. महिनाभर करून वहीत बघा. तुमची 1100 ची पाटी पडली त्याचं कारण पाटी नव्हती. तुमची चप्पल त्या गल्लीत 930 ला जाते, पाटीवर 170 जास्त होते.

---

नितीन_हिशेबी

मग सरळ 950 एकच भाव लिहा ना. 40 रुपयांचं नाटक कशाला?

---

अण्णा_सराफकट्टा

कारण "काही कमी नाही" हे ऐकून घरी जायला माणसाला जड जातं. 40 रुपयांत त्याचा मान राहतो. फक्त ते 40 एकदाच, एका दमात. 990, मग 980, मग 970 असं उतरलात की पुढची पायरी आहे हे तो समजतोच. "शेवटचं सांगा" म्हटलं की 950 सांगायचं आणि गप्प बसायचं. खरंच गप्प. आपणच घाबरून बोलायला लागतो आणि बोलता बोलता आणखी वीस सोडतो.

पायरी उतरलेल्याला हाक मारायची नाही. परत आला तर 950 लाच द्यायची, तोंड वाकडं न करता, "मगाशी गेला होतात ना" असं न म्हणता.

---

सोनटक्का

समोरच्याकडे 750 ला आहे म्हणाला तर?

---

पायताणवाला

याचं उत्तर वडिलांकडे आहे. ते म्हणतात, समोरच्या मालाला वाईट म्हणायचं नाही, कारण समोरचा उद्या आपल्यालाच म्हणेल. आपली हातात द्यायची आणि कड दाखवायची. आमच्या चपलेचे थर चामड्याच्या वादीने ओवलेले असतात, खिळा नाही. स्वस्त मालात कधी मधला थर पुठ्ठ्यासारखा असतो, कडेला नखाने दाबलं की कळतं. "बघून या, दाबून बघा" एवढंच म्हणायचं. काही परत येतात, काही 750 ची घेतात. त्यांना तीच हवी होती.

---

गल्ल्यावरचा_पोऱ्या

मी मालक नाही, दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहे. एक सांगू का. मालक आम्हाला सांगतात 950 च्या खाली जायचं नाही. आम्ही भांडून भांडून 950 वर आणतो. मग गिऱ्हाईक मालकाकडे बघतं, मालक हसून म्हणतात "घ्या हो 900 ला". आम्ही खोटे पडलो. दुसऱ्या वेळी ते गिऱ्हाईक आमच्याशी बोलतच नाही, थेट गल्ल्यावर जातं.

---

अण्णा_सराफकट्टा

बरोबर बोललास बाळा. सूट देण्याचा हक्क पोराकडे असावा आणि गल्ल्यावर शून्य. गल्ल्यावरचा म्हणेल, "त्याने सांगितलं तेच."

---

कमलाकर_जोशी

अण्णांशी असहमत. चाळीस वर्षांच्या ओळखीचा माणूस येतो तो मालकाकडून मान घ्यायला येतो, नोकराकडून नाही. मालकाने काहीतरी सोडायलाच हवं. आणि भवानीच्या गिऱ्हाइकाला कुणी परत पाठवत नाही, मग तळ गेला खड्ड्यात. आमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक खरेदी भावाला दिलेलं आहे.

---

सोनटक्का

भवानीचं गुपित गिऱ्हाइकांना कळलंय काका. आमच्या गल्लीत काहीजण मुद्दाम शटर उघडायच्या वेळेला येतात.

---

पायताणवाला

भवानीवर वडील ऐकणार नाहीत, ते मी सोडून दिलंय. दिवसाचा एकच जोड आहे.

बाकी असं केलं. 990 ची चिठ्ठी. खाली छापील ओळ, "दोन जोड घेतल्यास प्रत्येकी 950". म्हणजे गाडीतून आलेल्या नणंद-भावजयींना एकच भाव, तोही वाचून. एकट्याला 950 पर्यंत यायचा हक्क पोराकडे. मास्तरांना बोलावून काकांनी पट्टा बदलून दिला, पैसे परत घ्यायला तयार नव्हते.

एक अडचण आली. आमच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात खरेदीचा कोड असतो. आजोबांपासूनचा आहे, "हरिगुण मधु जप सदा", दहा अक्षरं, ह म्हणजे एक ते द म्हणजे शून्य. 620 चं होतं "धरद". पोराला कोड येतो. तो 620 वाचतो आणि त्याला वाटतं आपल्याकडे अजून 330 सोडायला आहेत, म्हणून तो ढिला पडतो.

---

अण्णा_सराफकट्टा

मग खरेदी लिहूच नका. तळ लिहा. 950 म्हणजे तुमच्या कोडात "समद". पोराला दिसायला हवं ते एवढंच. खरेदी तुमच्या वहीत. (हा कोड आता इथे जाहीर केलात, बदला आधी.)

---

पायताणवाला

बदलतो. 😀 वडिलांना सांगणार नाही का बदलला ते.

---

माळावरची

"बिल नको, जीएसटी कमी करा" म्हणणाऱ्यांचं काय करता? माझ्या बहिणीच्या दुकानात रोजचं आहे.

---

पायताणवाला

आमची उलाढाल 40 लाखांच्या बरीच आत, नोंदणीच नाही, त्यामुळे जीएसटी लावतच नाही. तसं सांगितलं की विषय संपतो. नोंदणी असलेल्यांनी काय म्हणावं ते इतर सांगतील.

पण माझ्यासमोर एक मोठा खड्डा आहे, त्यावर कोणी बोलत नाही. बाहेरची बरीच गिऱ्हाईकं रिक्षावाले आणून सोडतात आणि बिलावर दहा टक्के मागतात. 950 ला विकली की त्याचे 95 गेले. अण्णांचं गणित घेतलं तर 150 मधून 55 उरतात. वडील 1200 का सांगायचे त्याचं अर्धं कारण हे आहे.

---

अण्णा_सराफकट्टा

हे आधी सांगायला हवं होतं. 40 जोडांत असे किती होते?

---

पायताणवाला

वहीत ते लिहिलं नाही. अंदाजे चौथा हिस्सा.

---

कमलाकर_जोशी

रिक्षावाल्याला नाही म्हटलंत तर तो चौकातच सांगेल, "तिथे डुप्लिकेट मिळते". अनुभव आहे.

---

भाजीवालीचा_लेक

टक्क्याऐवजी जोडामागे ठरावीक 40-50 रुपये दिले तर? भाव फुगवण्यात त्याचा फायदा राहणार नाही.

---

अण्णा_सराफकट्टा

पटतंय, पण समोरचा दहा टक्के देत असेल तर तो तुमच्या दारात थांबणारच नाही. गल्लीतल्या चार-पाच दुकानदारांनी मिळून ठरवलं तर जमेल. ते जमवणं हे गिऱ्हाइकापेक्षा अवघड.

---

पायताणवाला

समोरच्याशी बोलून बघतो रविवारी. या महिन्याच्या वहीत रिक्षाचा रकाना वाढवलाय, 133 च्या वर राहिलो की खाली ते इथे टाकतो.